आजीचा प्रवास आणि पाच चिठ्ठ्या

मुलांनो, आज आधी एक गणित. कागद-पेन्सिल जवळ घ्या आणि उत्तर काढल्याशिवाय पुढे वाचू नका. पालकहो, हे तुम्हालाही लागू आहे बरं का! घरात तिसरी-चौथीतलं कुणी असेल तर त्याला वेगळा कागद द्या. एकमेकांचं बघायचं नाही.

गणित असं : आजी दुपारी दोन वाजून पन्नास मिनिटांनी एस.टी.त बसली. सव्वाचार वाजता आपल्या गावच्या थांब्यावर उतरली. तर आजीचा प्रवास किती वेळ चालला?

झालं? आता मी काय करतो, हे गणित तिसरीच्या एखाद्या वर्गात घातलं तर ज्या पाच प्रकारची उत्तरं हमखास येतात, त्यांच्या पाच चिठ्ठ्या तुमच्यासमोर मांडतो. पहिल्या चिठ्ठीवर लिहिलंय १ तास २५ मिनिटं. दुसरीवर १ तास ६५ मिनिटं. तिसरीवर २ तास ३५ मिनिटं. चौथीवर नुसती २५ मिनिटं. आणि पाचवीवर १ तास ३० मिनिटं.

पहिली चिठ्ठी बरोबर आहे. बाकीच्या चारही चुकल्या. पण गंमत म्हणजे चौघंही वेगवेगळ्या ठिकाणी चुकलेत. कोण कुठे चुकलं हे त्याच्या उत्तरावरूनच ओळखता येतं, त्याला काही विचारावंही लागत नाही. तुमचं उत्तर यांपैकी कुठल्या चिठ्ठीशी जुळतंय ते बघा आणि मग आपण एकेक चिठ्ठी उघडू.

दुसऱ्या चिठ्ठीपासून सुरुवात करू, कारण ती सगळ्यांत मजेशीर आहे. १ तास ६५ मिनिटं हे उत्तर आलं कसं? वेळ लिहिताना आपण मध्ये टिंब देतो. सव्वाचार म्हणजे ४.१५ आणि दोन वाजून पन्नास मिनिटं म्हणजे २.५०. या मुलानं वर ४.१५ लिहिलं, खाली २.५० लिहिलं आणि वजाबाकी केली. पाचातून शून्य गेलं, पाच राहिले. एकातून पाच जात नाहीत, म्हणून शेजारच्या चाराकडून उसना घेतला. एकाचे अकरा झाले, अकरातून पाच गेले, सहा राहिले. चाराचे तीन झाले होते, तिनातून दोन गेले, एक राहिला. उत्तर १.६५. वजाबाकी म्हणून एकदम चोख! कॅल्क्युलेटरसुद्धा हेच उत्तर देईल.

मग बिघडलं कुठे? तर तो जो उसना घेतला ना, तिथे. चार रुपये पंधरा पैशांतून दोन रुपये पन्नास पैसे वजा करायचे असते, तर हेच उत्तर बरोबर ठरलं असतं. कारण एक रुपया मोडला की शंभर पैसे मिळतात. पण तास मोडला की शंभर मिनिटं मिळत नाहीत, साठच मिळतात. या मुलानं तास मोडला खरा, पण मोड घेतली रुपयाची. त्याला साठाऐवजी शंभर मिळाले, म्हणजे चाळीस मिनिटं फुकटात जास्त आली. पासष्टातून ते चाळीस काढून टाका. राहिले पंचवीस. बरोबर उत्तर पुन्हा समोर उभं!

या चुकीची खूण लक्षात ठेवा : उत्तर नेमकं चाळीस मिनिटांनी जास्त येतं. मिनिटांच्या जागी ६५ दिसले की आपण लगेच सावध होतो, कारण साठाच्या वर मिनिटं कशी असतील? पण दर वेळी ती अशी उघडी पडत नाही. तीन वाजून अठ्ठावन्न मिनिटांपासून पाच वाजून पाच मिनिटांपर्यंत किती वेळ? ५.०५ वजा ३.५८ अशी रुपयांची वजाबाकी केली तर येतात १.४७. एक तास सत्तेचाळीस मिनिटं! दिसायला किती सभ्य उत्तर आहे बघा. कुणाला शंका येणार? पण खरं उत्तर आहे एक तास सात मिनिटं. चाळीस मिनिटं इथेही लपून बसलीच आहेत.

आणि पालकहो, आणखी एक फसगत आहे. दोन वीस ते चार पंचेचाळीस असं गणित घातलं, तर ४.४५ वजा २.२० बरोबर २.२५ येतात, कारण इथे काही मोडावंच लागत नाही. अशी दहा गणितं मुलानं बरोबर सोडवली तरी त्याला साठाची मोड कळली आहे की नाही, हे समजत नाही. शेवटच्या वेळेतली मिनिटं सुरुवातीच्या वेळेतल्या मिनिटांपेक्षा कमी असतील, असं निदान एक तरी गणित घालून बघा. खरी परीक्षा तिथेच होते.

मुलं असं का करतात, याचं उत्तर आपल्या बोलण्यातही आहे. आपण 'अडीच रुपये' म्हणतो आणि 'अडीच वाजले' असंही म्हणतो. शब्द तोच. पण अडीच रुपये लिहायचे २.५० आणि अडीच वाजले हे लिहायचं २.३०. अर्धा रुपया म्हणजे पन्नास आणि अर्धा तास म्हणजे तीस! टिंब दोन्हीकडे सारखंच. लहान मुलानं ओळखायचं कसं, की हे टिंब पैशांचं आहे का घड्याळाचं? म्हणून माझं तर मत असं आहे, की चौथीपर्यंत ते टिंब देऊच नये. '४ वाजून १५ मिनिटं' असं लांबलचक लिहावं. हात थोडा दुखेल, पण रुपया मध्ये घुसणार नाही.

तिसऱ्या चिठ्ठीवर फार वेळ घालवायला नको. २ तास ३५ मिनिटं. इथे चारातून दोन गेले, दोन राहिले. मग पंधरातून पन्नास जात नाहीत म्हटल्यावर या मुलानं सरळ उलट केलं. पन्नासातून पंधरा वजा केले आणि पस्तीस लिहून मोकळं झालं. मोठ्यातून लहान वजा करायचं, एवढंच त्यानं धरून ठेवलंय. ही अडचण घड्याळाची नाहीच, वजाबाकीची आहे. हेच मूल ४१ वजा २५ ला २४ लिहितं का, ते बघा. लिहीत असेल, तर घड्याळ बाजूला ठेवून आधी ती वजाबाकी पक्की करून घ्या.

आता चौथी चिठ्ठी. नुसती २५ मिनिटं. इथे उत्तर बरोब्बर एका तासानं चुकलंय. असं एका तासानं उत्तर चुकलं, की समजावं हिशेब ठीक आहे, घड्याळ वाचायलाच चूक झाली आहे. या मुलाला दोन पन्नासच्या जागी तीन पन्नास दिसले. का दिसले? घड्याळात बघा ना! दोन वाजून पन्नास मिनिटं झाली की लहान काटा कुठे असतो? दोनाजवळ तर नसतोच. तो जवळजवळ तिनाला जाऊन टेकलेला असतो.

लहान काटा कसा चालतो ते जरा नीट बघू. दोन आणि तीन या आकड्यांच्या मध्ये बारीक रेघांची पाच घरं असतात. मोठा काटा एक बारीक घर एका मिनिटात ओलांडतो. लहान काट्याला तेवढंच घर ओलांडायला बारा मिनिटं लागतात. अशी पाच घरं झाली की पाच बारे साठ, एक तास पुरा. मग पन्नास मिनिटांत लहान काटा किती घरं जाईल? चार घरांना लागली अठ्ठेचाळीस मिनिटं, म्हणजे चार घरं पुरी करून तो पाचव्या घरात थोडासा शिरलेला असेल. तिनाला पोचायला एकही घर पुरं उरलेलं नाही. मग लहान मुलाला 'तीन' दिसले, तर त्यात नवल ते काय?

म्हणून लहान काटा वाचताना 'कुठल्या आकड्याजवळ आहे' असं विचारायचं नाही. 'कुठला आकडा ओलांडून आला' असं विचारायचं. दोन ओलांडलेत, तीन अजून यायचेत. म्हणजे दोन वाजून गेलेत. या एका प्रश्नानं चौथी चिठ्ठी सुधारते. बारा वाजून पन्नास मिनिटांनाही हेच. काटा एकाला चिकटलेला दिसतो, पण ओलांडलेत बाराच.

यातही आपली मराठी भाषा मुलांची थोडी परीक्षाच घेते. दोन वाजून पंचेचाळीस मिनिटांना आपण काय म्हणतो? पावणेतीन! कानावर 'तीन' पडतं आणि लिहायचे असतात दोन. 'सव्वातीन' आणि 'साडेतीन' मध्ये तीन वाजून गेलेले असतात, 'पावणेतीन' मध्ये मात्र तीन वाजायचे असतात. 'तीनला दहा कमी' याचंही तसंच. ज्या मुलाला हे नीट कळलेलं नाही, ते पावणेतीन म्हटलं की बेलाशक ३.४५ लिहितं. घरात आजोबा-आजी असतील तर त्यांच्याशी हा खेळ खेळा. ते म्हणतील 'पावणेसहा', तुम्ही म्हणायचं 'पाच वाजून पंचेचाळीस'. ते म्हणतील 'पाऊण वाजला', आणि तुम्ही म्हणायचं... काय म्हणाल? बारा वाजून पंचेचाळीस. इथे तर आकडाच ऐकू येत नाही!

आणि हो, 'पाऊण वाजला' आणि 'पाऊण तास झाला' यांतला फरकही बघून ठेवा. पाऊण वाजला ही दिवसातली एक जागा आहे. पाऊण तास ही लांबी आहे, पंचेचाळीस मिनिटांची. दीड वाजला आणि दीड तास लागला, यांतही तोच फरक. रस्त्यावरचा मैलाचा दगड वेगळा आणि दोन दगडांमधलं अंतर वेगळं, तसंच. घड्याळ आपल्याला दगडावरचा आकडा सांगतं, अंतर आपलं आपण काढायचं. पूर्वी याच्या उलट होतं. घटिकापात्र माहीत आहे ना? तळाशी बारीक भोक असलेली वाटी. ती पाण्यावर सोडायची. भोकातून पाणी आत येत येत ती बुडाली की एक घटका झाली, म्हणजे चोवीस मिनिटं. लग्नाचा मुहूर्त साधायला ती वापरत. ही वाटी किती वाजले ते सांगत नाही, किती वेळ गेला तेवढंच सांगते. आपल्या गणिताला खरं म्हणजे अशी वाटीच हवी होती!

राहिली पाचवी चिठ्ठी. १ तास ३० मिनिटं. फक्त पाच मिनिटं जास्त. पाच मिनिटांची चूक दिसली की समजायचं, मूल बोटानं मोजत होतं. त्यानं काय केलं? मोठा काटा दहावर होता. दहावर बोट ठेवलं आणि म्हटलं 'पाच'. अकरावर 'दहा', बारावर 'पंधरा'. तीन वाजेपर्यंत पंधरा मिनिटं झाली. मग तीन ते चार एक तास. मग पुढची पंधरा. सगळं मिळून एक तास तीस.

तुम्ही आपला डावा हात पुढे धरा. बोटं पसरा. बोटं किती? पाच. आणि बोटांच्या मधल्या फटी? चार! दहा, अकरा, बारा हे आकडे तीन आहेत, पण त्यांच्या मधल्या उड्या दोनच आहेत. वेळ आकड्यावर नसतो, दोन आकड्यांच्या मध्ये असतो. दहावर उभे आहात तेव्हा अजून काहीच वेळ गेलेला नाही, म्हणून तिथे 'शून्य' म्हणायचं. मग अकरावर पाच, बारावर दहा. पालकहो, मुलांना पाच-पाच मोजायला शिकवताना पहिल्या आकड्यावर बोट ठेवून मोठ्यानं 'शून्य' म्हणायची सवय लावा. एवढं केलं की ही चूक सहसा पुन्हा होत नाही.

आता पहिली चिठ्ठी. बरोबर उत्तर काढायचा सोपा मार्ग कुठला? माझ्या मते लहान वर्गात या गणिताला वजाबाकी करूच नये. चालत जावं! आजी जशी एका थांब्यावरून दुसऱ्या थांब्यावर गेली, तसं आपण दोन पन्नासवरून सव्वाचारपर्यंत थांबे घेत जायचं. कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी एक आडवी रेघ ओढा. डाव्या टोकाला लिहा २ वाजून ५०. उजव्या टोकाला ४ वाजून १५. मध्ये थांबे कुठले घ्यायचे? पूर्ण तासांचे, कारण तिथे उभं राहायला सोपं जातं.

दोन पन्नासवरून पहिली उडी तिनावर. किती मिनिटांची? साठ भरायला पन्नासाला दहा हवेत, म्हणून दहा मिनिटं. उडीच्या कमानीवर १० लिहा. तिनावरून दुसरी उडी चारावर. एक तास. कमानीवर लिहा १ तास. चारावरून तिसरी उडी चार पंधरावर. पंधरा मिनिटं. आता कमानींवरचे आकडे गोळा करा. एक तास, आणि दहा अधिक पंधरा पंचवीस मिनिटं. संपलं! ना उसना, ना मोड.

हेच घड्याळावर पडताळून बघता येतं. मोठा काटा दहावर आहे. तो पुरी एक फेरी मारून पुन्हा दहावर आला की झाला एक तास, तीन पन्नास वाजले. आता दहावरून निघून तिनावर जायचं. शून्य म्हणत दहावर बोट ठेवा. अकरा, बारा, एक, दोन, तीन. पाच उड्या, पंचवीस मिनिटं. एक फेरी आणि पाच उड्या. उत्तर तेच.

म्हणजे दोन रीती झाल्या. आधी पूर्ण तासावर जायचं, किंवा आधी पुऱ्या फेऱ्या मारायच्या. कुठली कधी वापरावी? मघाचं दोन वीस ते चार पंचेचाळीस घ्या. थांबे घेत गेलो तर तिनापर्यंत चाळीस मिनिटं, मग चारापर्यंत एक तास, मग पंचेचाळीस मिनिटं. एक तास पंच्याऐंशी मिनिटं होतात. त्यातली साठ मिनिटं मोडून एक तास करावा लागतो, तेव्हा कुठे दोन तास पंचवीस मिनिटं मिळतात. त्यापेक्षा आधी फेऱ्या माराव्यात. दोन वीसवरून तीन वीस, चार वीस. दोन तास झाले. आता वीसवरून पंचेचाळीसवर, पंचवीस मिनिटं. शेवटची मिनिटं जास्त असतील तर आधी फेऱ्या, कमी असतील तर आधी पूर्ण तास. तुम्हीच दोन-चार गणितं करून बघा, हातालाच कळायला लागेल.

इथे एक बारीक गोष्ट, खास मोठ्या माणसांसाठी. मुलानं 'एक तास पंच्याऐंशी मिनिटं' लिहिलं तर ते चुकलेलं नाही, फक्त अर्धवट राहिलंय. मघाचं 'एक तास पासष्ट मिनिटं' मात्र चुकलेलंच होतं. दोन्ही दिसायला सारखीच! तुम्ही घाईनं म्हणालात, 'अरे, साठाच्या वर मिनिटं गेली, त्यांचा तास कर', तर पंच्याऐंशीवाल्याचं उत्तर सुधारेल आणि पासष्टवाला 'दोन तास पाच मिनिटं' असं लिहून अगदी खात्रीनं चुकेल. म्हणून आधी विचारा, 'हे कसं काढलंस?' उड्या मारून काढलं असेल तर पुढे जाऊ द्या. टिंबाची वजाबाकी केली असेल तर रुपयाची गोष्ट सांगा.

पुढच्या वर्गात गेल्यावर तुम्हाला उभी मांडणी करावी लागेलच. तेव्हा ४ तास १५ मिनिटांतला एक तास मोडून त्याची साठ मिनिटं पंधरात मिळवायची. झाले ३ तास ७५ मिनिटं. आता पंचाहत्तरातून पन्नास गेले, पंचवीस राहिले. तिनातून दोन गेले, एक राहिला. एक तास पंचवीस मिनिटं. ज्यानं आधी उड्या मारलेल्या असतात, त्याला हे पंचाहत्तर कुठून आले ते लगेच पटतं.

उड्यांचा खरा उपयोग कळतो तो बारा ओलांडताना. शाळेतला एक कार्यक्रम सकाळी अकरा पस्तीसला सुरू झाला आणि दुपारी एक वीसला संपला. वजाबाकी करणारं मूल इथे गोंधळून जातं, कारण एकातून अकरा जाणार कसे? मग ते उलट करतं, अकरा पस्तीसमधून एक वीस काढतं आणि लिहितं दहा तास पंधरा मिनिटं! एवढा वेळ कार्यक्रम चालला तर मुलं रात्रीच घरी पोचायची. उड्या मारणाऱ्याला मात्र बारा हाही एक थांबाच. अकरा पस्तीसवरून बारा, पंचवीस मिनिटं. बारावरून एक, एक तास. एकावरून एक वीस, वीस मिनिटं. एक तास पंचेचाळीस मिनिटं. घड्याळाच्या काट्याला बाराचं काही विशेष वाटत नाही, तो पुढे चालतच राहतो. आपणही तसंच करायचं.

एक मात्र खरं. काट्यांचं घड्याळ सकाळचे सहा आणि संध्याकाळचे सहा सारखेच दाखवतं. एखादी गाडी रात्री पावणेअकराला सुटते आणि सकाळी सहा वीसला पोचते, तर 'रात्री' आणि 'सकाळी' हे शब्द गणितात द्यावेच लागतात, नुसत्या दोन घड्याळांच्या चित्रांवरून ते कळणार नाही. उड्या मारून बघा : अकरापर्यंत पंधरा मिनिटं, अकरापासून सहापर्यंत सात तास, पुढे वीस मिनिटं. सात तास पस्तीस मिनिटं. त्या सात तासांत मध्यरात्रीचे बारा येऊन गेले, मोजताना त्यांच्याकडे न थांबता पुढे जा.

शेवटी घड्याळाबद्दल दोन शब्द. बाजारात पुठ्ठ्याची घड्याळं मिळतात, शाळेत आपणही करतो. आकडे ओळखायला ती छान आहेत. पण त्यांचे दोन्ही काटे सुटे असतात, एक फिरवला तर दुसरा हलत नाही. त्यामुळे मूल दोन पन्नास लावताना लहान काटा नेमका दोनावर ठेवतं आणि मोठा दहावर. असं खऱ्या घड्याळात कधीच दिसत नाही, आणि मग खरं घड्याळ समोर आलं की चौथी चिठ्ठी तयार होते! त्यापेक्षा घरातलं एखादं जुनं गजराचं घड्याळ शोधा, ज्याच्या पाठीमागे काटे फिरवायची चावी असते. बंद पडलेलं असलं तरी चालेल, चावीनं काटे फिरले म्हणजे झालं. ती चावी हळूहळू फिरवा. मोठा काटा एक फेरी मारतो, तेवढ्यात लहान काटा कसा एका आकड्यावरून पुढच्या आकड्यावर सरकतो, ते डोळ्यांनी बघा. दोन पन्नासला थांबा. लहान काटा कुठे आहे? मग चावी फिरवत सव्वाचारपर्यंत या आणि मोठ्या काट्याच्या फेऱ्या मोजा.

आता तुमची पाळी. एक सिनेमा संध्याकाळी पावणेसहाला सुरू झाला आणि आठ वाजून दहा मिनिटांनी संपला. किती वेळ चालला? चार भावंडांनी चार उत्तरं दिली. ताई म्हणाली, ३ तास ३५ मिनिटं. दादा म्हणाला, २ तास ६५ मिनिटं. धाकटा म्हणाला, १ तास २५ मिनिटं. आणि सगळ्यांत धाकटी बोटं मोजून म्हणाली, २ तास ३० मिनिटं. चौघंही चुकले. खरं उत्तर तुम्ही काढा आणि प्रत्येकजण कुठे चुकला तेही शोधा.

(उत्तर : २ तास २५ मिनिटं. ताईची तिसरी चिठ्ठी, दादाची दुसरी, धाकट्याची चौथी आणि धाकटीची पाचवी.)